मैत्रीण म्हणाली, ‘गोड बातमी आहे’. आता काय लिहायचं?

जिवलग मैत्रिणीचा मेसेज येतो की आमच्याकडे गोड बातमी आहे, आणि पुढच्या दोन मिनिटांत आपण जे टाइप करतो त्यात अभिनंदन एका ओळीचं नि सूचना पाच ओळींच्या असतात. हेतू प्रेमाचाच असतो. पण तोवर तिला आईनं, सासूबाईंनी, मावशीनं आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनी काय खायचं, कसं झोपायचं, कुठे जायचं नाही हे सगळं सांगून झालेलं असतं. तुमच्याकडून तिला ते नको असतं. तुम्ही तिला ओळखता, तिच्या आनंदात तुम्हाला आनंद आहे, एवढंच तिला ऐकायचं असतं.

ज्यांच्या मित्रमंडळात ही बातमी पहिल्यांदाच येते आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. एक उदाहरण घेऊन बातमी कळल्यापासून बाळ येईपर्यंत क्रमानं जाऊ. समजा तुमची मैत्रीण सायली. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस ४ जानेवारी, त्यामुळे डॉक्टरांनी तारीख दिली आहे ११ ऑक्टोबर. बारा आठवडे मार्चअखेर पूर्ण झाले, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिनं तुम्हाला मेसेज केला.

बातमी कशी आली, ते आधी बघा

आपल्याकडे तीन महिने पूर्ण झाल्याशिवाय बाहेर सांगायचं नाही, असं घराघरांत पाळतात. कुणी नजर लागते म्हणतं, पण त्याला व्यवहारातलंही कारण आहे. गर्भपाताचं प्रमाण पहिल्या बारा आठवड्यांत सर्वांत जास्त असतं आणि नंतर ते बरंच उतरतं. म्हणजे सायलीनं तुम्हाला एप्रिलमध्ये सांगितलं, तर आधीचे काही आठवडे तिनं ही गोष्ट मनात दाबून, जीव मुठीत धरून काढलेले असू शकतात. आणि तीन महिन्यांच्या आतच सांगितलं असेल, तर तिनं तुम्हाला फार जवळचं मानलंय.

म्हणून उत्तर तिनं जिथे सांगितलं तिथेच द्या. एकटीला मेसेज आला असेल तर एकटीलाच उत्तर, फोन आला असेल तर फोनवरच. कॉलेजच्या ग्रुपवर लगेच फुलांचे गुच्छ आणि पाळण्याचे स्टिकर टाकू नका. त्या ग्रुपमध्ये तिच्या ऑफिसातली एखादी असेल आणि सायलीनं अजून साहेबांना सांगितलं नसेल, तर तुमच्या आनंदाचा तिला ताप होईल. “आणखी कुणाला माहितीये?” एवढं विचारून ठेवलं की पुढचा घोळ टळतो. तुमच्या नवऱ्याला किंवा आईला सांगायचं असेल, तरी तिला विचारूनच.

पहिला मेसेज लिहा, आणि मग खोडा

मनात आलं तसं आपण साधारण असं लिहितो:

“अगं काय सांगतेस!! अभिनंदन!!! खूप छान वाटलं. आता काळजी घे हं, आधी ती स्कूटर बंद कर. बाहेरचं खाऊ नकोस, चहा कमी कर. माझ्या वहिनीला नुसत्या उलट्या होत होत्या, तिनं रोज सकाळी आल्याचा तुकडा चघळला, तू पण करून बघ. आता काय, दोघांसाठी खायचं! ऑफिसात सांगितलंस का? रजा किती देतायत? सगळं नॉर्मल होईल, टेन्शन घेऊ नकोस.”

आता यातली क्रियापदं बघा. घे, बंद कर, खाऊ नकोस, कमी कर, करून बघ, घेऊ नकोस. सहा हुकूम झाले, आणि ‘दोघांसाठी खायचं’ हा सातवा. सल्ला कुठे दडलाय हे शोधण्याची सोपी युक्ती हीच. मेसेज पाठवण्याआधी त्यातल्या ‘कर’, ‘घे’, ‘खा’, ‘नकोस’, ‘पाहिजे’ या शब्दांवर बोट ठेवत जा. जिथे बोट थांबेल तिथे सल्ला आहे. वहिनीची गोष्ट वरवर सल्ल्यासारखी दिसत नाही, पण तिचं शेपूट ‘तू पण करून बघ’ हेच असतं. ते शेपूट तोडून नुसती गोष्ट ठेवली, तरी सायलीला ते ऐकू येतंच.

शिवाय न मागितलेला सल्ला पुष्कळदा चुकीचाही असतो. ‘दोघांसाठी खा’ हे आपण सगळेच ऐकत आलो, पण पहिल्या तीन महिन्यांत साधारणपणे जास्तीच्या खाण्याची जवळजवळ गरज नसते, आणि मळमळीमुळे अनेकींना नेहमीएवढंही जात नाही. जिला अर्धी पोळी संपवताना नाकी नऊ येतायत, तिला तुमचा हसरा विनोदही टोचतो. स्कूटरचं म्हणाल तर तिच्या डॉक्टरांना तिचे रिपोर्ट माहीत आहेत, आपल्याला नाहीत.

हुकूम खोडले की उरतं ते असं: “अगं काय सांगतेस!! अभिनंदन!!! खूप छान वाटलं.” खोटं काही नाही त्यात, पण हे कुणीही कुणालाही लिहील. बऱ्याच जणी इथे घाबरतात आणि रिकामी जागा भरायला पुन्हा आल्याचा तुकडा आणतात. ती जागा तुमच्या दोघींच्या ओळखीनं भरायची आहे. तीन गोष्टी पुरतात: बातमी कळल्यावर तुम्हाला नेमकं काय झालं, तिच्यातली तुम्हाला माहीत असलेली एखादी गोष्ट, आणि ज्याचं उत्तर द्यायलाच हवं असं नाही असा एक प्रश्न.

“सायले! तुझा मेसेज वाचून मी बसमध्ये एकटीच हसत बसले, शेजारच्या आजी बघायला लागल्या. तुम्हा दोघांचं खूप खूप अभिनंदन. हॉस्टेलच्या गच्चीवर अभ्यास सोडून गोष्टी रचत बसायचीस, आता त्या ऐकायला हक्काचं माणूस येतंय. मला फार आनंद झालाय गं. ऑक्टोबरची मी आत्तापासून वाट बघतेय. तू सांगशील तोवर तोंडाला कुलूप. कशी आहेस? बोलावंसं वाटेल तेव्हा बोलू, घाई नाही.”

यात सायलीनं काय करावं, हे कुठेच नाही. ‘मी’ काय करतेय तेवढंच आहे. मी हसले, मी वाट बघतेय, मी कुणाला सांगणार नाही. गच्चीची आठवण दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही, म्हणून सायली हा मेसेज पुन्हा उघडून वाचेल. आणि शेवटी तिला मोकळं सोडलंय. त्या दिवसांत ती संध्याकाळी सातलाच आडवी होत असेल, तर उत्तर दोन दिवसांनी येईल. आलं नाही तर रुसायचं नाही.

मित्र असाल तरी मेसेज असाच लिहायचा. फक्त “नवऱ्याला सांग आता कामं कर म्हणून” हा विनोद नको. तो तुम्ही नवऱ्यालाच सांगा, तोही तुमचा मित्र असेल तर.

‘काळजी घे’ बद्दल अनेक जणी विचारतात. आपल्याकडे निरोप घेताना ते सहज येतं आणि फोन ठेवताना म्हटलं तर बिघडत काहीच नाही. पहिल्या लेखी मेसेजमधून मात्र मी ते काढते, कारण ते लिहिलं की पाठोपाठ ‘दगदग करू नकोस’ येतंच.

आशा असू द्या, हमी नको

“सगळं छानच होणार बघ” हे वाक्य धीर देण्यासाठी असतं, पण ती हमी आपल्या हातात नाही. सायलीला आधी एकदा गमवावं लागलं असेल आणि ते तिनं तुम्हाला सांगितलंही नसेल, तर हे वाक्य तिला एकटं पाडतं. ‘मी वाट बघतेय’, ‘मला खूप आनंद झालाय’, ‘या दिवाळीचं चित्र डोळ्यांपुढे आलं’ यांत आशा पुरेपूर आहे आणि खोटं काही नाही.

याच कारणानं ‘एकदाचं झालं गं!’ किंवा ‘आम्ही तर आशाच सोडली होती’ हे कधीच लिहू नका. लग्नाला सहा वर्षं झाली असतील, उपचार चालू असतील, तर त्या सहा वर्षांचा हिशेब बाहेरची माणसंही ठेवत होती, हे तिला आत्ता कळायची गरज नाही. आणि ‘आत्ताच झोपून घे, मग झोप विसर’, ‘आता काय, आयुष्य संपलं तुमचं’ हे विनोद तर तिला रोज कुणी ना कुणी ऐकवतच असतं. ते दुसऱ्यांसाठी सोडा.

तिनंच लिहिलं की “आनंद आहे गं, पण भीतीही वाटतेय”, तर लगेच ती भीती पुसायला जाऊ नका. “वाटणारच. सांग ना, कशाची वाटतेय?” एवढं पुरतं. मग ती बोलेल ते ऐकायचं.

विचारायचे नि न विचारायचे प्रश्न

आपण विचारलं नाही तर तिला वाटेल आपल्याला उत्सुकता नाही, ही भीती खरी असते. म्हणून प्रश्न विचारावेत, पण तिला हवं तेवढंच सांगता येईल असे. ‘कशी आहेस?’, ‘आज काय खाल्लंस ते आवडलं?’, ‘घरात कोण सगळ्यांत जास्त उड्या मारतंय?’ यांना हवं तर एका शब्दात उत्तर देता येतं.

‘किती वजन वाढलं?’, ‘नॉर्मलच होईल ना?’, ‘नोकरीचं काय करणार?’ हे प्रश्न म्हणजे प्रश्नचिन्ह लावलेला सल्लाच. आणि ‘मुलगा वाटतोय की मुलगी?’ हा प्रश्न भारतात तरी तोंडातून काढू नये. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्रानं १९८८ मध्ये देशातला पहिला कायदा केला आणि १९९४ मध्ये देशभरासाठी कायदा आला. तेव्हा हे तिला माहीत असण्याचा प्रश्नच येत नाही. परदेशात राहणाऱ्या मैत्रिणीला ते माहीत असेल, पण तिथेही ती आपणहून सांगेपर्यंत थांबा.

सोनोग्राफीच्या दिवसांचंही तसंच. अकरा ते तेरा आठवड्यांदरम्यान एक तपासणी असते, मग साधारण अठरा ते वीस आठवड्यांदरम्यान बाळाचे अवयव नीट बघणारी मोठी तपासणी. सायलीच्या बाबतीत ती मेच्या मध्याला येईल. त्या दिवशी संध्याकाळी “रिपोर्ट काय आला?” असं विचारलं, आणि काही तपासण्या पुन्हा करायला सांगितलेल्या असल्या, तर तिला एक तर खोटं बोलावं लागेल किंवा नको असताना सगळं सांगावं लागेल. “आज तुझी आठवण आली” एवढंच पाठवा. सांगण्यासारखं असेल तर ती सांगेल.

चूक झालीच तर ती कशी ओळखायची

सायली तुम्हाला समजावून सांगायला लागली, की समजा बाण लागलाय. “डॉक्टरांनी स्कूटरला हरकत नाही म्हटलंय गं”, “मी एकच कप चहा घेते” असं उत्तर आलं, म्हणजे तुम्ही तिला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलंत. नुसता अंगठा येणं ही त्याच्या पुढची पायरी. यावर लांबलचक माफीनामा लिहू नका, नाहीतर आता तिला तुमची समजूत काढावी लागेल. “हो गं, तुझे डॉक्टर आहेतच. मी उगाच मध्ये पडले. बरं, त्या शनिवारच्या नाटकाचं काय झालं?” असं म्हणून पुढे चला. सायलीला नाटक आहे, ऑफिस आहे, बहिणीशी भांडण आहे. पोटात बाळ आहे म्हणून बाकीची सायली कुठे गेलेली नाही, हे लक्षात ठेवून तिच्याशी बोलणारी माणसं तिला हळूहळू फार हवीशी वाटतात.

तिनं आपणहून विचारलं, तर मात्र टाळाटाळ नको. “तू कुठली उशी घेतली होतीस?” असं विचारलं तर उशीबद्दल सांगा आणि तिथेच थांबा. उशीवरून पाळणाघरापर्यंत जाऊ नका.

आणि एक ठिकाण असं आहे जिथे न विचारताही बोलायचं. बोलता बोलता ती म्हणाली की रक्त जातंय, पोटात जोरात कळा येतायत, डोकं भयंकर दुखून डोळ्यांपुढे धूसर दिसतंय किंवा शेवटच्या महिन्यांत बाळाची हालचाल कमी वाटतेय, तर शिष्टाचार बाजूला. “आत्ता डॉक्टरांना फोन करूया, मी येतेय.” गरज पडली तर १०८ वर फोन करून रुग्णवाहिका मागवा. घरगुती उपाय सुचवत बसण्याची ही वेळ नव्हे.

घरी जाताना काय न्यायचं

इथे आपल्याकडच्या जुन्या रीतीतच छान वाट आहे. डोहाळे पुरवायचे म्हणजे तिला काय हवंसं वाटतंय ते विचारायचं आणि आणून द्यायचं. काय चांगलं, काय वाईट हे आणणाऱ्यानं ठरवायचं नसतं.

मळमळ बहुतेकींना नवव्या आठवड्याच्या आसपास सर्वांत जास्त असते आणि सोळा ते वीस आठवड्यांपर्यंत ओसरते. तेव्हा एप्रिलमध्ये साजूक तुपातल्या पेढ्यांचा डबा घेऊन अचानक दारात उभं राहणं म्हणजे धोका पत्करणं. तुपाचा वास तिला सोसेल की नाही, ते तिलाच माहीत. आधी विचारा, “नुसतं आठवून तोंडाला पाणी सुटतंय असं काय आहे?” कैरीची तिखट-मीठ लावलेली फोड निघेल, कोपऱ्यावरच्या गाडीवरची भेळ निघेल, नाहीतर कशाचंच नाव निघणार नाही. भेळेचं नाव निघालं आणि बाहेरच्या खाण्याची तुम्हाला धाकधूक वाटली, तर चुरमुरे, फरसाण नि चटण्या घेऊन जा आणि तिच्या ओट्यावर मिसळा. त्यासाठी तिला व्याख्यान द्यावं लागत नाही. थोडंच न्या, कारण मागितलेलं समोर आल्यावर दोन घास खाऊन नकोसं होणं हेही नेहमीचंच. आणि अर्ध्या तासात उठा.

पुष्कळ घरांत बाळासाठी आधी काही आणत नाहीत. झबली-टोपडी तुम्हाला कितीही मोहवत असली, तरी तिच्या घरी काय चालतं ते कळेपर्यंत हात आवरा. भेट सायलीसाठी न्या: सैल सुती गाऊन, तिच्या आवडत्या लेखकाची कादंबरी, अंगावर घ्यायला मऊ दुलई. गर्भसंस्काराची पुस्तकं, आहाराचा तक्ता, कसलीशी पावडर या वस्तू म्हणजे रिबिन बांधलेला सल्ला. तिनं मागितल्या तरच द्या.

डोहाळजेवणात मैत्रिणीचं काम

सातव्या महिन्यात, म्हणजे सायलीच्या बाबतीत जुलैच्या सुमाराला, डोहाळजेवणाचा विषय निघेल. तिला ते हवंय का, हे तिलाच विचारा. परस्पर ‘सरप्राइज’ ठरवू नका. काहींना हिरवी साडी, फुलांचे दागिने, सजवलेला झोपाळा, सगळं थाटात हवं असतं. काहींना चार जणींत गरम जेवण आणि गप्पा पुरतात.

समारंभात तुमच्या हाताला सगळ्यांत उपयोगी काम म्हणजे तिला बसतं ठेवणं. ओटी भरणाऱ्या बायका एकामागून एक येतात, प्रत्येकीबरोबर फोटो होतो आणि उत्सवमूर्ती तासभर उभीच. खुर्चीला पाठ हवी, जवळ पाणी हवं, आणि “आता पाच मिनिटं थांबूया” हे तिच्याऐवजी तुम्ही म्हणायचं. झाकलेल्या वाट्यांतून पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी हा खेळ कुणीतरी मांडतंच. तिला चालत असेल तर हसून होऊ द्या. नको असेल तर दोन्ही वाट्यांत बर्फीच ठेवा, किंवा सरळ वाट्या स्वयंपाकघरात नेऊन खाऊन टाका. आणि एखादी काकू बाळंतपणातल्या हालांची कहाणी सुरू करेल, तेव्हा “काकू, तुमच्या हातच्या त्या भरलेल्या वांग्यांचं काय सांगत होतात?” असं म्हणून विषय वळवणं, हे मैत्रिणीइतकं सफाईनं कुणाला जमत नाही.

फोटो ग्रुपवर टाकण्याआधी तिला विचारा. हे मी प्रत्येक वेळी सांगते आणि प्रत्येक वेळी कुणीतरी विसरतं.

तारीख जवळ आली की

११ ऑक्टोबर ही तारीख शेवटच्या पाळीपासून २८० दिवस मोजून काढलेला अंदाज आहे. नेमकी त्याच दिवशी बाळंत होणाऱ्या थोड्याच. ३७ आठवडे, म्हणजे २० सप्टेंबरनंतर केव्हाही बाळ आलं तर त्याला अकाली म्हणत नाहीत, आणि तारीख उलटून आठवडा गेला तरी लगेच काही बिघडलं असं नसतं. डॉक्टर त्या दिवसांत लक्ष ठेवून असतात. तेव्हा १२ तारखेला सकाळी “झालं का?” असं विचारू नका. तिच्या फोनवर तोच प्रश्न आणखी वीस जणांकडून आलेला असेल आणि ती पाय वर करून पलंगावर वैतागलेली असेल.

त्या दिवसांत काही पाठवायचंच असेल, तर ज्याला उत्तर लागत नाही असं पाठवा: एखादा जुना फोटो, हॉस्टेलच्या मेसमधल्या त्या पाणचट आमटीची आठवण. आणि बातमी आली, की आधी “तू कशी आहेस?”, मग बाळाचं. नाव, वजन, कुणासारखं दिसतं, हे ती सांगेल तेव्हा. कॉलेजच्या ग्रुपवर पहिला फोटो तिनं किंवा तिच्या नवऱ्यानं टाकल्यावरच तुमचे फुलांचे गुच्छ आणि पाळण्याचे स्टिकर बाहेर काढा.